हायवेवर ग्रुप तुटला तर? निघण्याआधी ठरवायच्या गोष्टी

आम्ही पाच जण पाच दुचाकींवर होतो. एका पंपावर चौघं आत शिरलो आणि गाड्या इमारतीच्या मागे सावलीत लावल्या. पाचवा दोन ट्रकच्या मागे अडकला होता. तो पंपासमोरून गेला तेव्हा त्याला आमच्यापैकी एकही गाडी दिसली नाही. आपण मागे पडलोय असं वाटून त्याने वेग वाढवला, तीसेक किलोमीटर गेला, कुणीच सापडलं नाही म्हणून टोलच्या पुढे थांबला. मग त्याच्या मनात आलं, हे सगळे मागेच राहिले असणार. तो तिथे आमची वाट बघत बसला, आम्ही पंपावर त्याची. त्याचा फोन बॅगेत, तोही सायलेंटवर. पाऊण तासाने मी त्याला शोधायला निघालो ते थेट उलट दिशेला, आणि नेमका तेव्हाच त्याने फोन बाहेर काढून मला लावला. मी गाडीवर होतो. फोन कोण उचलणार?

अपघात नाही, गाडीत बिघाड नाही, तरी दीड तास गेला. चूक एकच होती. चुकामूक झाल्यावर कुणी थांबायचं आणि कुणी पुढे जायचं, हे निघताना ठरलंच नव्हतं. ग्रुप राइडला पहिल्यांदा जाणाऱ्यांना वाटतं की मुख्य काम सगळ्यांनी एकत्र राहण्याचं आहे. हायवेवर ते जमत नाही. सिग्नल, टोल, ओव्हरटेक, ट्रकची रांग, काहीतरी आडवं येतंच आणि ग्रुप तुटतो. तेव्हा तो तुटेल असं धरूनच बेत आखायचा, म्हणजे तुटल्यावर कुणाला घाई करावी लागत नाही.

रस्ता एकच, आणि तो कागदावर

मॅपची लिंक ग्रुपवर टाकली की रस्ता ठरला असं बऱ्याच जणांना वाटतं. पण ती लिंक उघडल्यावर प्रत्येकाचा फोन आपापल्या सेटिंगप्रमाणे रस्ता काढू शकतो. एकाने टोल टाळायचा पर्याय चालू ठेवलेला असतो, दुसऱ्याचा फोन वाटेतली गर्दी बघून मधूनच रस्ता बदलतो. दोघं एकाच ठिकाणी पोचतील, पण वेगवेगळ्या वाटांनी, आणि मधला थांबा त्यातल्या एकाच्या वाटेवर नसेलच. म्हणून लिंक पाठवायची असेल तर एका थांब्यापासून पुढच्या थांब्यापर्यंत, असे तुकडे करून पाठवा. शेवटचं ठिकाण एकदम टाकू नका. नेटवर्क जाणारच, त्यामुळे त्या भागाचा ऑफलाइन नकाशा आदल्या रात्री उतरवून ठेवा.

याशिवाय एक कागद हवाच. त्यावर थांबे, त्यांच्यामधलं अंतर, कुठल्या फाट्याला वळायचं आणि तिथल्या पाटीवर कोणतं नाव असेल, एवढंच लिहायचं. टाकीवर चिकटवा नाहीतर जॅकेटच्या वरच्या खिशात ठेवा. अंतर नेहमी आधीच्या थांब्यापासून मोजलेलं लिहा आणि प्रत्येक थांब्यावर सगळ्यांनी ट्रिप मीटर शून्य करा. वेगवेगळ्या गाड्यांचे मीटर थोडं कमी-जास्त दाखवतात. सबंध दिवसाच्या पल्ल्यात तो फरक वाढत जातो, पन्नास किलोमीटरच्या टप्प्यात मात्र तो फारसा जाणवत नाही. "मीटरवर ४५ दिसलं की डावी-उजवीकडे बघायला लागायचं" ही सूचना नवख्यालाही लगेच कळते.

थांबा कुठे ठेवायचा

थांबा म्हणजे तुटलेला ग्रुप पुन्हा जुळायची जागा. तिची निवड सगळ्यात काळजीने करा, कारण बाकीचे सगळे नियम तिच्यावर उभे आहेत.

साधारण ४५ ते ६० किलोमीटरवर एक थांबा बरा पडतो. त्याहून लांब ठेवला तर चुकलेल्या माणसाचा पत्ता लागायला तास जातो. फार जवळ ठेवले तर दिवस हेल्मेट काढण्या-घालण्यात जातो. पेट्रोलचा थांबा सगळ्यात कमी पल्ल्याच्या गाडीवरून ठरतो. समजा एक गाडी १८० किलोमीटरनंतर रिझर्व्हला येते. तर सगळ्यांनी १२० च्या आसपासच पेट्रोल भरायचं. मोठ्या टाकीवाल्यांनीही तेव्हाच भरायचं, नाहीतर पुढे त्यांच्यासाठी वेगळं थांबावं लागतं. सामान लादलेली गाडी हायवेच्या वेगाला नेहमीचं ॲव्हरेज देत नाही, हेही धरा.

जागा आपण जातोय त्याच बाजूला हवी. दुभाजक असलेल्या रस्त्यावर समोरच्या बाजूचा पंप आपल्या काहीच कामाचा नाही. सगळ्या गाड्या रस्त्यापासून आत उभ्या राहतील एवढी मोकळी जागा हवी, आणि ती लांबून ओळखू यायला हवी. "टोल ओलांडल्यावर पहिला पंप" ही चांगली खूण आहे. "मोठ्या झाडाजवळ" ही खूण देणाऱ्याला फक्त ते एकच झाड आठवत असतं! हायवेची कडा, उड्डाणपुलाची खालची बाजू, वळणानंतरची जागा, यांना थांबा म्हणायचंच नाही. तिथे उभ्या असलेल्या दुचाकीवर मागून गाडी येण्याचा धोका चालत्या दुचाकीपेक्षा जास्त वाटतो मला.

नवखे ज्यात हमखास चुकतात ती गोष्ट म्हणजे फाटा आणि थांबा यांचा क्रम. रस्ता जिथे फुटतो त्याच्या आधी थांबा हवा, म्हणजे सगळे जुळतील, वळण पुन्हा एकदा सांगता येईल आणि एकत्रच पार करता येईल. शहर किंवा टोल असेल तर उलटं. तिथे ग्रुप तुटणारच, म्हणून थांबा त्याच्या पलीकडे ठेवायचा.

आणि थांब्यावर पोचल्यावर किमान एक गाडी रस्त्यावरून दिसेल अशी लावायची. आमच्या चार गाड्या इमारतीमागे नसत्या तर या लेखाचा पहिला परिच्छेद लिहावाच लागला नसता.

लीड, स्वीप आणि मधले

सगळ्यात पुढचा लीड. त्याला रस्ता माहीत असतो आणि वेग तो ठरवतो. सगळ्यात शेवटचा स्वीप. त्याचा नियम एकच, पण कडक: तो कुणालाही मागे टाकत नाही. कुणी कडेला थांबलं की स्वीप थांबतो, ते निघेपर्यंत निघत नाही. पंक्चर किट, हवेचा पंप, पाने, प्रथमोपचाराची पेटी हे सगळं त्याच्याकडे. म्हणून स्वीप अनुभवी हवा आणि त्याची गाडीही दमदार हवी. उरलेल्याला शेवटी टाकायची पद्धत मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे, ती चुकीची आहे.

नवखा लीडच्या लगेच मागे. असं का, ते थोडं समजून घ्या. लीड ८० च्या वेगाने ट्रकला ओलांडून जातो. दुसऱ्याला काही सेकंद थांबावं लागतं, तिसऱ्याला आणखी थोडं, आणि सहाव्यापर्यंत ते अंतर एक किलोमीटर होतं. हा रबरासारखा ताण शेवटच्या माणसांवर सगळ्यात जास्त येतो. आता लीड ८० वरच राहिला आणि मागच्याने १०० चा वेग घेतला, तरी एक किलोमीटर भरून काढायला तीन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात तो पाच किलोमीटर पळतो. ९० ने गेला तर सहा मिनिटं आणि नऊ किलोमीटर. पाच किलोमीटर सलग १०० ने जाताना मध्ये पुन्हा ट्रक येतोच. तेव्हा लीडने सगळे ओलांडून येईपर्यंत वेग थोडा कमी ठेवायचा आणि मागच्याने पाठलाग करायचा नाही. पुढचा दिसला नाही तरी पुढचा थांबा माहीत आहे, मग घाई कशाला?

मधल्यांसाठी एक सवय पुरते: आपल्या मागचा आरशात दिसतोय का, ते अधूनमधून बघत राहा. बराच वेळ दिसला नाही तर वेग थोडा कमी करा. तुमच्या पुढचाही तेच करत असेल तर ही बातमी आपोआप लीडपर्यंत पोचते. मात्र हायवेवर एकदम ब्रेक मारायचा नाही आणि कडेला उभं राहून वाट बघायची नाही. सरळ रस्त्यावर दोन तिरक्या ओळींत जा. शेजारच्या ओळीतल्या पुढच्या गाडीपासून एक सेकंद, आपल्याच ओळीतल्या गाडीपासून दोन सेकंद. वळणं, खराब रस्ता आणि फाटे आले की एकेरी रांग.

ग्रुप सातपेक्षा मोठा असेल तर दोन करा. दोन्हींना वेगळा लीड आणि वेगळा स्वीप, थांबे मात्र तेच.

चुकलात तर काय करायचं

हा भाग सगळ्यांना पाठ हवा. फोन बंद पडला, नेटवर्क गेलं तरी चालेल असाच तो ठरवायचा. लाइव्ह लोकेशन जरूर चालू ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. नेटवर्क गेलं की तो ठिपका शेवटच्या ठिकाणीच अडकून राहतो आणि बघणाऱ्याला वाटतं, माणूस तिथेच पडलाय.

पहिला नियम: चुकलेला नेहमी पुढच्या थांब्यावर जातो. मागे फिरत नाही. थांबा ओलांडून गेलात तरी उलट्या दिशेने यायचं नाही, सर्व्हिस रोडवरूनही नाही. पुढे सुरक्षित जागा मिळेल तिथे रस्त्यापासून आत थांबायचं, "थांबा ३ चुकला, ४ ला जातोय" एवढा मेसेज टाकायचा आणि ४ ला जाऊन बसायचं.

दुसरा: चुकीच्या फाट्याला वळलात तर थांबून नकाशा बघा आणि पुढच्या थांब्याचा रस्ता काढा. ग्रुपला गाठायचा प्रयत्न करू नका. तो हलतोय, थांबा हलत नाही.

तिसरा: स्वतःहून कुठे थांबलात तर गाडी स्वीपला दिसेल अशी लावा. दहा मिनिटांत तो आला नाही, तर तो आधीच निघून गेला असं समजा आणि पुढच्या थांब्याकडे निघा.

चौथा: एखाद्याने बाजूला घेतलं तर फक्त स्वीप थांबतो. बाकीचे जात राहतात. सहा गाड्या हायवेच्या कडेला रांगेत उभ्या करण्यात मदत कसली? आणखी सहा जण धोक्यात येतात, एवढंच.

हे निघण्याआधी दोन मिनिटांत तोंडी सांगा आणि मग एखाद्या नवख्याला विचारा, "तू थांबा दोन ओलांडून गेलास, आता काय करशील?" तो अडखळला तर पुन्हा सांगा. मान सगळेच डोलावतात, उत्तर देता आलं तरच कळलं.

थांब्यावर डोकी मोजताना

वरचे नियम पाळले की एक मोठा फायदा होतो. कोण आलं नाही यापेक्षा स्वीप आलाय की नाही, यावरून बरंच कळतं.

एक उदाहरण घेऊ. सात जण, २१० किलोमीटर, कागदावर असं लिहिलेलं:

थांबा १: ४८ किमी, टोलनंतरचा पहिला पंप
थांबा २: ५७ किमी, पंप, सगळ्यांनी पेट्रोल. यानंतर ७ किमीवर फाटा
थांबा ३: ५५ किमी, बायपास संपल्यावरचा पंप
थांबा ४: ५० किमी, मुक्काम

थांबा २ वरून सगळे ९ वाजता निघाले. सात किलोमीटरवरचा फाटा एकत्र पार झाला. ९:२१ ला, मीटरवर २६ असताना, चौथ्याच्या सामानाचा पट्टा सुटून चाकाकडे लोंबायला लागला. त्याने इंडिकेटर देऊन एका बंद हॉटेलच्या आवारात गाडी घेतली. पाचवा आणि सहावा हात दाखवून पुढे गेले, सातवा म्हणजे स्वीप आत वळला. लीड ९:४४ ला थांबा ३ ला पोचला. मोजले तर पाच. चौथा नाही आणि स्वीपही नाही. म्हणजे ते दोघं एकत्र आहेत, अवजारं त्यांच्याजवळ आहेत. इथे काळजी करायचं कारण नाही, वीस मिनिटं नुसतं थांबायचं. पट्टा बांधायला बारा मिनिटं लागली, उरलेले २९ किलोमीटर ते आपल्या वेगाने आले आणि ९:५६ ला हजर झाले. कुणी कुणाला फोनसुद्धा केला नाही. पंक्चर असतं तर जास्त वेळ लागला असता, आणि तेव्हा स्वीपने थांबल्या थांबल्या एक मेसेज टाकायचा असतो.

आता दुसरा प्रकार. स्वीप आला, पण सहावा नाही. इथे कान टवकारायचे. स्वीप कुणाला मागे टाकत नाही, तरी सहावा दिसत नाही, तर तीनच गोष्टी होऊ शकतात: तो थांबा ओलांडून पुढे गेला, चुकीच्या फाट्याला वळला, किंवा रस्त्यावरून दिसणार नाही अशा जागी आहे. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा पहिली गोष्ट निघते, आणि तिचा मेसेज दहा-पंधरा मिनिटांत येतो. तोवर त्याला एकसारखे फोन करू नका. तो चालवत असेल तर तुमच्या फोनने त्याचं लक्षच उडेल.

या वेळात स्वीपला विचारा: शेवटचा कधी दिसला? म्हणून स्वीपने आपल्या पुढचा माणूस नजरेआड झाला की मीटर बघून आकडा लक्षात ठेवायचा. "३० पर्यंत माझ्यापुढे होता, मग ट्रक मध्ये आले" या एका वाक्याने शोधायचा पट्टा ५५ वरून २५ किलोमीटरवर येतो.

अर्धा तास झाला, मेसेज नाही, फोन लागत नाही. आता ग्रुप मुद्दाम तोडायचा. दोघं थांबा ३ वरच राहतात, कारण सहावा मागून आला तर इथे कुणीतरी हवं. दोघं थांबा ४ कडे जातात, कारण तो पुढे असेल तर तिथे असेल. एकट्याला कुठेच ठेवायचं किंवा पाठवायचं नाही. त्याच वेळी हायवेच्या मदत क्रमांकावर कळवायचं. तिथे "एक मित्र हरवलाय" म्हणून भागत नाही. रस्त्याचं नाव, जाण्याची दिशा, किलोमीटरच्या दगडांवरचे आकडे कुठून कुठपर्यंत, गाडीचा रंग आणि नंबर, हे सांगा. ट्रिप मीटरचा आकडा इथे उपयोगाचा नाही, दगडाचाच लागतो. त्यासाठी थांब्याजवळच्या दगडाचा आकडा आधी बघून ठेवा. सगळ्यांचे गाडी नंबर, रक्तगट आणि घरचा एक फोन नंबर लीड आणि स्वीप या दोघांकडे लिहिलेले हवेत.

मागे जाऊन शोधणं सगळ्यात शेवटी, कारण ते दिसतं तितकं सोपं नाही. दुभाजकाच्या रस्त्यावर पुढे जाऊन वळायचं, पलीकडच्या बाजूने मागे जायचं, तिथे पुन्हा वळून आपल्या बाजूने हळू यायचं. पलीकडून आपल्या बाजूची चारी दिसत नाही, तेव्हा खरं शोधणं फक्त शेवटच्या फेरीतच होतं. २५ किलोमीटरच्या पट्ट्याला पन्नासहून जास्त अंतर आणि पाऊण तास धरा. हायवेची गस्ती गाडी तिथे बहुधा तुमच्या आधी पोचेल. स्वीपने स्वतः अपघात पाहिला असेल तर मात्र यातलं काहीच लागू नाही. थेट आपत्कालीन क्रमांक लावायचा.

निरोप घेतानाही

माणूस हरवल्याचे खोटे गजर सगळ्यात जास्त परतीच्या वाटेवर वाजतात. एखाद्याचं घर वाटेतल्या फाट्यावर असतं. तो सवयीने इंडिकेटर देतो, हात हलवतो आणि जातो. पुढच्यांनी पाहिलेलं नसतं, आणि स्वीपला वाटतं की तो पेट्रोल भरायला वळला. स्वीप त्याच्यासाठी दहा मिनिटं फाट्यावर, बाकीचे थांब्यावर मोजत बसलेले. फुटायचं असेल तर आधीच्या थांब्यावरच लीडला आणि स्वीपला दोघांनाही सांगायचं, आणि त्या थांब्यावरून निघताना लीडने मोठ्याने नवा आकडा सांगायचा: "आता आपण सहा." आमच्या ग्रुपमधला एक जण असाच न सांगता घरी गेला होता. रात्री साडेनऊला त्याच्या बायकोने फोन उचलला आणि तो झोपलाय म्हणून सांगितलं, तेव्हा आम्ही दोघं हायवेवर टॉर्च घेऊन चारीत बघत होतो.